परिपाठात संविधानावर बोलायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२६ नोव्हेंबर जवळ आला की मुलांचे, पालकांचे आणि परिपाठाची जबाबदारी असलेल्या शिक्षकांचे प्रश्न येऊ लागतात. विषय बहुतेक वेळा तोच असतो: ‘विद्यार्थ्यांनी संविधान का समजून घ्यावं?’ दरवर्षी पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यात येत असेल, तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मला परिपाठात या विषयावर बोलायचं आहे. सुरुवात कुठून करू?

एका खऱ्या खटल्यापासून करा. माझ्याकडे तपासायला येणारी बरीचशी भाषणं एकाच वळणाची असतात. आधी व्यासपीठावरच्या सगळ्यांना वंदन, मग ‘आपलं संविधान जगातलं सर्वांत मोठं लिखित संविधान आहे’, मग कलमांची आणि परिशिष्टांची संख्या, मग मसुदा समितीच्या सदस्यांची नावं. यातलं काही चूक नाही, पण ‘का समजून घ्यावं’ याचं उत्तर त्यात कुठेच मिळत नाही. एखादी गोष्ट मोठी आहे म्हणून ती समजून घ्यावी, हे कुठल्याही सातवीतल्या मुलाला पटणार नाही.

माझी शिफारस ‘बिजो इमॅन्युएल विरुद्ध केरळ राज्य’ या १९८६ च्या खटल्याची आहे. कारण साधं आहे: ही घटना शाळेच्या परिपाठातच घडली. ऐकणारी मुलं ज्या रांगेत उभी आहेत, तशाच रांगेत उभ्या असलेल्या तीन मुलांची ही गोष्ट आहे. शिवाय तिच्यात मूलभूत हक्कही आहेत आणि मूलभूत कर्तव्यंही, त्यामुळे भाषण एका बाजूला कलत नाही.

२. त्या खटल्यात नेमकं काय घडलं होतं?

केरळमधल्या एका शाळेत तीन भावंडं शिकत होती, एक दहावीत, एक नववीत आणि एक पाचवीत. त्यांचं कुटुंब यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथाचं. ‘जन गण मन’ सुरू झालं की ही मुलं इतरांसारखीच आदरानं उभी राहायची, पण गायची नाहीत. देवाच्या प्रार्थनेखेरीज अशा कुठल्याही विधीत भाग घेणं त्यांच्या श्रद्धेला मान्य नव्हतं. त्यांच्या आधी त्यांच्या मोठ्या बहिणीही त्याच शाळेत अशाच उभ्या राहिल्या होत्या. कित्येक वर्षं त्यावर कुणी काही म्हटलं नाही.

जुलै १९८५ मध्ये एका आमदारांच्या हे लक्षात आलं आणि त्यांनी विधानसभेत प्रश्न विचारला. सरकारनं चौकशीसाठी आयोग नेमला. आयोगानं अहवाल दिला की मुलं कायदा पाळणारी आहेत आणि त्यांनी राष्ट्रगीताचा कोणताही अनादर केलेला नाही. इथे प्रकरण मिटायला हवं होतं. पण शाळा उपनिरीक्षकांच्या सूचनेवरून मुख्याध्यापिकांनी २६ जुलै १९८५ पासून तिघांना शाळेतून काढून टाकलं. सरकारचा निर्णय येईपर्यंत तरी मुलांना वर्गात बसू द्या, अशी विनंती वडिलांनी केली. आपल्या हातात काही नाही, असं मुख्याध्यापिकांनी सांगितलं.

मुलं केरळ उच्च न्यायालयात गेली. आधी एका न्यायाधीशांनी आणि मग दोन न्यायाधीशांच्या खंडपीठानंही त्यांची याचिका फेटाळली. शेवटी प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आलं. ११ ऑगस्ट १९८६ रोजी न्या. ओ. चिन्नप्पा रेड्डी आणि न्या. एम. एम. दत्त यांनी मुलांच्या बाजूनं निकाल दिला आणि त्यांना पुन्हा शाळेत घेऊन विनाअडथळा शिकू देण्याचा आदेश दिला. शाळेतून काढल्यापासून या निकालापर्यंत एक वर्षाहून जास्त काळ गेला होता.

३. न्यायालयानं मुलांच्या बाजूनं निकाल का दिला? सोप्या भाषेत सांगाल का?

हा भाग घाईनं वाचू नका. भाषणाचा जीव इथेच आहे.

उच्च न्यायालयानं राष्ट्रगीताचा शब्द न् शब्द तपासला होता. त्यात कुणाच्याही धर्मश्रद्धेला धक्का लागेल असं काही नाही, मग मुलांची हरकत कशाला, असा त्यांचा विचार. सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की मुळात प्रश्न हा नाहीच. मुलांची श्रद्धा आपल्याला पटते का, हे न्यायालयानं पाहायचं नसतं. ती श्रद्धा खरी आणि मनापासून आहे का, एवढंच पाहायचं. ती तशी असेल, तर संविधानाचं २५ वं कलम तिला संरक्षण देतं. या कलमाला आपण धर्मस्वातंत्र्याचं कलम म्हणतो, पण त्यात दिलेल्या स्वातंत्र्यांत पहिलं आहे ते सदसद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य.

मग न्यायालय १९ व्या कलमाकडे वळलं. बोलण्याच्या स्वातंत्र्यात गप्प राहण्याचं स्वातंत्र्यही येतं. या स्वातंत्र्यावर बंधनं घालता येतात, पण त्याला दोन अटी आहेत. पहिली, बंधन कायद्यानं घातलेलं हवं. दुसरी, त्यामागचं कारण संविधानानं दिलेल्या कारणांपैकी असायला हवं, म्हणजे देशाची सुरक्षितता, सार्वजनिक सुव्यवस्था, बदनामी, चिथावणी अशा ठरावीक कारणांपैकी. शाळेच्या बाजूनं काय होतं? शिक्षण खात्याची दोन परिपत्रकं. त्यांच्यामागे कुठल्याही कायद्याचा आधार नव्हता. परिपत्रक म्हणजे कायदा नव्हे आणि नुसत्या परिपत्रकानं मूलभूत हक्क काढून घेता येत नाही.

मग खरोखरचा कायदा काय म्हणतो, हेही न्यायालयानं पाहिलं. राष्ट्रीय सन्मानाच्या अवमानाला प्रतिबंध करणारा १९७१ चा कायदा आहे. त्याच्या कलम ३ नुसार जाणूनबुजून राष्ट्रगीत म्हणू न देणं किंवा ते म्हणणाऱ्या समुदायात व्यत्यय आणणं हा गुन्हा आहे. या मुलांनी कुणाला अडवलं नव्हतं की गोंधळ घातला नव्हता. राहता राहिलं कलम ५१ क, आपलं मूलभूत कर्तव्य. राष्ट्रध्वज आणि राष्ट्रगीत यांचा आदर राखा, असं ते सांगतं. न्यायालयाच्या मते उभं राहणं हा योग्य आदर आहे आणि सोबत गायलं नाही म्हणून अनादर झाला असं म्हणता येत नाही.

निकालाच्या शेवटी न्यायमूर्तींनी लिहिलं आहे की आपली परंपरा सहिष्णुता शिकवते, आपलं तत्त्वज्ञान सहिष्णुता सांगतं आणि आपलं संविधान ती आचरणात आणतं. ती पातळ होऊ देऊ नका, असं त्यांचं सांगणं आहे.

४. पण यातून ‘मुलांनी संविधान का समजून घ्यावं’ हे कसं सिद्ध होतं? ही तर न्यायाधीशांची गोष्ट झाली.

या गोष्टीतली माणसं एकेक करून पाहा. आमदारांना वाटलं, आपण देशासाठी बोलतोय. उपनिरीक्षकांना वाटलं, आपण शिस्त राखतोय. मुख्याध्यापिकांना वाटलं, वरून सूचना आली आहे, ती पाळलीच पाहिजे. यातलं कुणी दुष्ट होतं, असं म्हणायला काही आधार नाही. या साखळीत कुठेतरी एक साधा प्रश्न विचारला जायला हवा होता: ‘या मुलांना काढायला सांगणारा कायदा कोणता?’ तो वेळेवर विचारला गेला असता, तर तिघांना कोर्टाची पायरी चढावी लागली नसती.

हा प्रश्न विचारायला वकील असावं लागत नाही. हक्क कोणता, त्याला हात कोण लावतंय, कोणत्या कायद्यानं लावतंय आणि ते कारण संविधानाला मान्य आहे का, एवढा क्रम माहीत असला तरी पुरतं. मुलांनी हा क्रम शिकावा, यासाठीच संविधान समजून घ्यायचं. आज रांगेत उभं असलेलं मूल पुढे कदाचित आमदार होईल, शाळा उपनिरीक्षक होईल, मुख्याध्यापिका होईल. म्हणून काढलेल्या मुलांच्या बाजूनं जितकं सांगाल, तितकंच काढणाऱ्यांच्या बाजूनंही विचार करायला लावा. माझ्या मते या गोष्टीतला हा सर्वांत मोलाचा भाग आहे आणि नेमका तोच भाषणांतून गळतो.

५. भाषण किती मिनिटांचं असावं?

चार मिनिटांचं. माईकवर ठहरावानं बोलणारं मूल मिनिटाला साधारण शंभर शब्द बोलतं, म्हणजे चारशेच्या आत लिहा. वंदनाचं वाक्य एकच ठेवा. ‘माझे दोन शब्द आपण शांत चित्तानं ऐकावेत ही नम्र विनंती’ हे वाक्य गाळलं तर काही बिघडत नाही. पहिल्या वाक्यात गोष्ट सुरू झाली की मुलं आपोआप शांत होतात.

६. एखादा नमुना मिळेल का?

हा घ्या. यातली माहिती तशीच ठेवा, वाक्यं मात्र तुमच्या बोलण्यातली करा. परिपाठात राष्ट्रगीत आधी होत असेल तर पहिलं वाक्य चालेल, नंतर होत असेल तर ‘थोड्याच वेळात आपण राष्ट्रगीत म्हणू’ असं बदला.

‘आदरणीय गुरुजन आणि मित्रमैत्रिणींनो, आत्ताच आपण राष्ट्रगीत म्हटलं. आता अशीच एक सकाळ डोळ्यांसमोर आणा. वर्ष १९८५. केरळमधली एक शाळा. सगळी मुलं राष्ट्रगीत म्हणताहेत. तीन भावंडं, एक दहावीतलं, एक नववीतलं, एक पाचवीतलं, आदरानं उभी आहेत. पण ती गात नाहीत. त्यांच्या श्रद्धेनुसार ती फक्त देवाची प्रार्थना म्हणतात. ती कुणाला अडवत नाहीत, हसत नाहीत, बसून राहत नाहीत.

एके दिवशी कुणीतरी तक्रार करतं. चौकशी होते. चौकशीत म्हटलं जातं, मुलांनी अनादर केलेला नाही. तरीही वरून सूचना येते आणि तिघांना शाळेतून काढलं जातं.

आता मी तुम्हाला विचारते, तुम्ही मुख्याध्यापिका असता तर काय केलं असतं? सूचना पाळली असती? मीही कदाचित पाळली असती. कारण वरून आलेला कागद म्हणजे कायदा, असंच आपल्याला वाटतं.

ती मुलं उच्च न्यायालयात गेली आणि हरली. पुन्हा अपील केलं आणि पुन्हा हरली. मग ती सर्वोच्च न्यायालयात गेली. तिथे न्यायाधीशांनी पाहिलं की यांना गायलाच हवं असं सांगणारा कायदा आहे कुठे? कायदा नव्हता. होती ती परिपत्रकं. न्यायालयानं सांगितलं की परिपत्रकानं मूलभूत हक्क काढून घेता येत नाही. राष्ट्रगीताचा आदर करणं हे कर्तव्य आहे आणि उभं राहून मुलांनी तो केला होता. ११ ऑगस्ट १९८६ ला निकाल लागला: मुलांना शाळेत परत घ्या.

मी राष्ट्रगीत गाते आणि मला ते गायला आवडतं. ही गोष्ट मला आवडते ती वेगळ्या कारणासाठी. त्या तिघांशी कुणी सहमत असो वा नसो, त्यांना शाळेतून काढायचं की नाही हे कुणाच्या रागावर ठरलं नाही. ते एका पुस्तकात लिहिलेल्या शब्दांवर ठरलं. ते पुस्तक तुमच्या-माझ्यासाठीही तेवढंच लागू आहे. उद्या कदाचित माझी बाजू थोड्या लोकांची असेल. परवा कदाचित माझ्या हातात निर्णय असेल आणि समोर असं एखादं मूल उभं असेल. त्या दिवशी मला विचारता आलं पाहिजे, कोणत्या कायद्यानं?

आज घरी गेल्यावर संविधानाचं फक्त १९ वं कलम उघडून वाचा. पहिल्या भागात स्वातंत्र्यं आहेत आणि पुढच्या भागांत त्यांच्या मर्यादा. दोन्ही वाचा. उद्या मधल्या सुट्टीत आपण त्यावर बोलू.’

७. संविधान तयार व्हायला २ वर्षं, ११ महिने आणि १७ दिवस लागले की १८? दोन पुस्तकांत दोन आकडे आहेत.

दोन्ही बरोबर आहेत, मोजणी वेगळ्या दिवशीची आहे. संविधान सभेची पहिली बैठक ९ डिसेंबर १९४६ ला झाली. डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्या दिवसापर्यंतचा काळ मोजून १७ दिवस म्हटलं. संविधान स्वीकारलं गेलं दुसऱ्या दिवशी, २६ नोव्हेंबरला, म्हणून १८. ते अंमलात आलं २६ जानेवारी १९५० पासून, जरी नागरिकत्व आणि निवडणूक आयोग यांसारखी थोडी कलमं २६ नोव्हेंबरलाच लागू झाली होती. पण हे आकडे भाषणात घालायचा आग्रह धरू नका. प्रश्नमंजूषेसाठी लक्षात ठेवा.

८. राज्यघटना म्हणू की संविधान? सरनामा, प्रास्ताविका की उद्देशिका?

राज्यघटना आणि संविधान दोन्ही चालतं. एका भाषणात एकच शब्द ठेवा. ‘आम्ही भारताचे लोक’ या मजकुरासाठी आता पाठ्यपुस्तकांत ‘उद्देशिका’ हा शब्द आहे, तोच घ्या. उद्देशिका म्हणून दाखवणार असाल तर एवढं ध्यानात असू द्या की ‘समाजवादी’, ‘धर्मनिरपेक्ष’ हे शब्द आणि एकतेसोबतची ‘एकात्मता’ १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीनं आली. ‘१९४९ पासून जशीच्या तशी’ असं म्हणू नका.

९. आम्ही अठरा वर्षांचे नाही, मतही देता येत नाही. मग आत्ताच आमचा काय संबंध?

मतदानासाठी वय लागतं, आणि तेही १९८९ पर्यंत २१ होतं. ६१ व्या घटनादुरुस्तीनं ते १८ झालं. पण मूलभूत हक्कांच्या कलमांत वयाची अशी अट नाही. १९ वं कलम ‘नागरिकांना’ हक्क देतं आणि मूल हे नागरिक असतंच. २५ वं कलम तर ‘सर्व व्यक्तींना’ लागू आहे. प्रश्न २ मधलं एक मूल पाचवीत होतं आणि त्याच्या वयामुळे त्याचा हक्क कमी आहे असं न्यायालयानं म्हटलं नाही.

उलट काही कलमं फक्त मुलांसाठीच आहेत. कलम २१ क सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देतं. कलम २४ चौदा वर्षांखालच्या मुलांना कारखान्यात, खाणीत किंवा धोक्याच्या कामावर ठेवायला मनाई करतं. ही कलमं ज्यांच्यासाठी लिहिली, त्यांनाच बहुधा ती माहीत नसतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

१०. आमचे शिक्षक म्हणतात, विषय नाजूक आहे, मुलं शिस्त मोडतील. काय करू?

शिक्षकांची काळजी समजून घ्या. राष्ट्रगीताचं नाव आलं की अर्धंच वाक्य लोकांच्या लक्षात राहतं: ‘गायलं नाही तरी चालतं.’ म्हणून आधी पूर्ण भाषण शिक्षकांना वाचून दाखवा. मुलं उभी होती, त्यांनी कुणाला अडवलं नाही आणि न्यायालयानं कर्तव्याचं कलमही तपासलं, हे तीन मुद्दे भाषणात ठळक आहेत हे त्यांना दिसू द्या. वेळ कमी पडला आणि वाक्यं कापावी लागली, तरी हे तीन कापायचे नाहीत. ते कापले तर गोष्ट खोटी होते.

एवढं करूनही नकार आला तर दुसरा खटला घ्या. २०१२ मध्ये महाराष्ट्रात पालघरला समाजमाध्यमावरच्या एका पोस्टवरून दोन तरुणींना अटक झाली. त्यानंतर दुसऱ्या एका तरुणीनं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ अ ला, म्हणजे इंटरनेटवरून आक्षेपार्ह संदेश पाठवणं गुन्हा ठरवणाऱ्या कलमाला, सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं. ‘श्रेया सिंघल विरुद्ध भारत सरकार’ म्हणून तो खटला ओळखला जातो आणि २४ मार्च २०१५ ला न्यायालयानं ते कलम रद्द केलं. तिथेही कलम १९ च आहे, फक्त या वेळी कायदा होता आणि तोच संविधानाच्या मर्यादेबाहेर गेला होता. म्हणजे ‘कायदा आहे का’ या प्रश्नावर थांबायचं नाही, ‘तो कायदा मर्यादेत आहे का’ हेही विचारायचं. दहावीच्या पुढच्या मुलांसाठी मला हा खटला जास्त आवडतो.

११. म्हणजे राष्ट्रगीत म्हणणं ऐच्छिक आहे? उद्या मी कंटाळा आला म्हणून गप्प राहिलो तर?

भाषण झाल्यावर हमखास येणारा प्रश्न हा. उत्तर तयार ठेवा.

निकाल कंटाळ्याचं संरक्षण करत नाही. न्यायालयासमोर खरी, मनापासूनची आणि कित्येक वर्षं सातत्यानं पाळलेली श्रद्धा होती. मोठ्या बहिणींचा उल्लेख म्हणूनच महत्त्वाचा आहे. मुलांनी ऐनवेळी सबब शोधली नव्हती, हे त्यातून दिसतं. शिवाय ती उभी होती. उभंच राहिलं नसतं तर काय, या प्रश्नाचं उत्तर या निकालात नाही, म्हणून ‘बसून राहिलं तरी चालतं असं कोर्टानं म्हटलं’ हे सांगू नका. आणि राष्ट्रगीत चालू असताना मुद्दाम व्यत्यय आणणं हा तर गुन्हाच आहे. १९७१ च्या कायद्यात त्याला तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

चित्रपटगृहांबद्दल कुणी विचारलं तर एवढं सांगा: चित्रपटापूर्वी राष्ट्रगीत वाजवणं सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या अंतरिम आदेशानं बंधनकारक झालं होतं, जानेवारी २०१८ मध्ये न्यायालयानं ते ऐच्छिक केलं. शाळेच्या प्रश्नाशी त्याचा थेट संबंध नाही.

१२. मग गणवेशाचं काय? श्रद्धेच्या नावाखाली वेगळा पोशाख घालता येईल का?

इथे प्रामाणिकपणे ‘हे अजून ठरलेलं नाही’ असं म्हणा. कर्नाटकातल्या हिजाबच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांनी १३ ऑक्टोबर २०२२ ला एकमेकांविरुद्ध निकाल दिले. न्या. हेमंत गुप्ता यांनी राज्य सरकारचा आदेश योग्य ठरवला, न्या. सुधांशू धुलिया यांनी तो रद्द ठरवला. त्यामुळे प्रकरण मोठ्या खंडपीठाकडे पाठवण्याची वेळ आली. न्या. धुलिया यांनी आपल्या निकालात बिजो इमॅन्युएलचा आधार घेतला होता.

जुना निकाल नव्या प्रश्नाला आपोआप लागू होत नाही, हे मुलांना यातून छान कळतं. गप्प राहणं आणि वेगळा पोशाख घालणं या दोन गोष्टी सारख्या आहेत का, यावर दोन अनुभवी न्यायाधीशांचंही एकमत झालं नाही. परिपाठात मात्र हा विषय उघडू नका. चार मिनिटांत त्याला न्याय देता येत नाही. वर्गात, पूर्ण तासिका हाताशी असेल तेव्हा घ्या.

१३. आमची शाळा खासगी आहे. हे सगळं आम्हाला लागू होतं का?

पूर्णपणे तसंच्या तसं नाही. मूलभूत हक्क मुख्यतः राज्यसंस्थेविरुद्ध असतात, म्हणजे सरकार, त्याची खाती, स्थानिक संस्था वगैरे. कलम १२ मध्ये ती व्याख्या आहे. बिजो इमॅन्युएलमध्ये मुलांना काढण्याची सूचना सरकारी शिक्षण अधिकाऱ्याकडून आली होती. पूर्णपणे स्वतःच्या पैशावर चालणाऱ्या खासगी शाळेनं स्वतःहून घेतलेला निर्णय असेल, तर वाद बहुधा शाळांविषयीच्या कायद्यांखाली आणि नियमांखाली लढावा लागतो.

काही कलमं मात्र खासगी माणसांनाही बांधतात. कलम १७ नं अस्पृश्यता नष्ट केली आहे आणि ती कुणीही पाळली तरी गुन्हाच. कलम २४ ची बालकामगारांविषयीची मनाई खासगी कारखान्यालाही आहे. प्रश्न ४ मधल्या क्रमात ‘हात कोण लावतंय’ ही पायरी ठेवली आहे ती यासाठीच.

१४. डॉ. आंबेडकरांचं एक सुंदर वाक्य मोबाइलवर आलं आहे. भाषणात वापरू का?

ते कधी आणि कुठे म्हटलं हे सापडलं नाही तर वापरू नका. त्यांच्या नावावर फिरणारी पुष्कळ वाक्यं त्यांची नसतात. संविधान सभेतल्या चर्चा तारखेनुसार छापलेल्या आहेत, तिथे पडताळता येतं.

या विषयाला चपखल बसणारा एक विचार ४ नोव्हेंबर १९४८ च्या त्यांच्या भाषणात आहे. मसुदा मांडताना ते म्हणाले की सांविधानिक नीतिमत्ता ही माणसाची नैसर्गिक भावना नाही, ती जोपासावी लागते, आणि आपल्या लोकांना ती अजून शिकायची आहे. हा भावार्थ आहे, म्हणून अवतरणचिन्हांत घालू नका. ‘डॉ. आंबेडकर संविधान सभेत अशा अर्थाचं म्हणाले होते’ असं सांगा. नमुन्यात तो घ्यायचा असेल तर ‘तुम्ही मुख्याध्यापिका असता तर’ या परिच्छेदानंतर घ्या. कागद म्हणजे कायदा असं वाटणं नैसर्गिक आहे, प्रश्न विचारणं शिकावं लागतं, असा धागा तिथे जुळतो.

१५. बोलण्यापूर्वी अख्खं संविधान वाचायला हवं का?

नको. या भाषणासाठी तिसरा भाग, म्हणजे कलम १२ ते ३५, नजरेखालून घाला. त्यातली १९ आणि २५ ही दोन शब्द न् शब्द वाचा आणि मग कलम ५१ क वाचा. ५१ क मध्ये १९७६ ला दहा कर्तव्यं आली, अकरावं २००२ ला जोडलं गेलं. वाचताना पेन्सिलनं दोन खुणा करा: हक्क देणाऱ्या शब्दांखाली सरळ रेघ, मर्यादा घालणाऱ्या शब्दांखाली नागमोडी. १९ व्या कलमात नागमोडी रेघा जास्त येतील. त्या पाहून दचकू नका. प्रत्येक नागमोडी रेघेपाशी ‘कायदा’ हा शब्द आहे का ते शोधा आणि कुणी विचारलं तर बोट ठेवून दाखवा.